उपयुक्त साठा की जिवंत साठा?

धरणावरचा चारशे पानी इंग्रजी अहवाल पाच अनुवादकांत वाटला, की तिसऱ्या प्रकरणात ‘उपयुक्त साठा’ येतो आणि सातव्यात त्याचाच ‘जिवंत साठा’ होतो. वाचणाऱ्याला वाटतं, साठे दोन आहेत. म्हणून वाटपाआधी एकाच माणसाने सगळा अहवाल चाळून एकाहून जास्त प्रकरणांत येणाऱ्या संज्ञा उपसाव्यात. दुर्मीळ शब्द सोडून दिले तरी चालतात. ते एकाच्याच वाट्याला येतात.

प्रत्येक नोंदीत मूळ संज्ञा, ठरलेला मराठी शब्द आणि न वापरायचा पर्याय हवा. हा तिसरा रकाना बहुतेक जण गाळतात, आणि संपादकाला शोध घ्यायला तोच लागतो. पाणलोट क्षेत्र आणि लाभक्षेत्र यांच्यासारख्या जोड्यांपुढे एका ओळीचा खुलासा द्यावा: पहिल्यातून पाणी धरणात येतं, दुसऱ्याला धरणातून मिळतं.

शैलीपत्रकाला दोन पानं पुष्कळ. आकडे देवनागरीत की नाही, गावांची नावं कशी लिहायची, साठा टीएमसीत की दलघमीत. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी; पण मुळातलं एकक कुणी परस्पर बदलायचं नाही, नाहीतर तक्त्यांच्या बेरजा जुळत नाहीत.

मग पाचही जणांनी तीच दोन पानं करून पाहावीत. जिथे पाच उत्तरं येतील, तिथे यादी अपुरी आहे.