चाव्या नेमक्या कुठे बदलायच्या?

राजगड आणि तोरणा एकाच दमात करणाऱ्या ट्रेकरांपुढे एक जुनी अडचण असते. गुंजवण्यात गाडी लावून राजगड चढायचा, संजीवनी माचीवरून उतरून डोंगरधारेने तोरण्याची बुधला माची गाठायची आणि वेल्ह्यात उतरायचं. इथवर सगळं छान, पण गाडी राहिलेली असते गुंजवण्यात. यावर एक सोपा तोडगा आहे. दोघांनी दोन टोकांना आपापली गाडी लावायची, समोरासमोर निघायचं, वाटेत भेटल्यावर चाव्यांची अदलाबदल करायची आणि पलीकडे पोचल्यावर एकमेकांची गाडी चालवत घरी यायचं. पण मग भेट व्हायलाच हवी. ती चुकली, तर दोघंही परक्या गाडीशेजारी चावीशिवाय उभे.

आता हे दोघं धावपटू आहेत आणि त्यांचे वेग वेगळे आहेत, असं धरू. वाट आकडेमोडीच्या सोयीसाठी 20 किलोमीटरची मानू. ती गुंजवण्याहून निघते आणि चढउतार, थांबे सगळं धरून ताशी 6 किलोमीटरने जाते. तो वेल्ह्याहून ताशी 4 ने येतो. दोघंही सकाळी 6 ला निघतात. कुठे भेटतील?

दोघांतलं अंतर दर तासाला 6 अधिक 4, म्हणजे 10 किलोमीटरनी कमी होतं. 20 किलोमीटर मिटायला 2 तास लागतील. म्हणजे भेट 8 वाजता, गुंजवण्यापासून 12 किलोमीटरवर. समोरासमोर येणाऱ्यांचं अंतर वेगांच्या बेरजेने भागायचं आणि एकाच दिशेने जाणाऱ्यांचं वेगांच्या वजाबाकीने, हा नियम आर्यभटाने इ.स. 499च्या सुमारास ‘आर्यभटीया’च्या गणितपादात एका श्लोकात बांधून ठेवला आहे. त्याच्यासमोर धावपटू नव्हते, ग्रह होते. दोन ग्रहांची युती कधी होईल किंवा कधी होऊन गेली, हे त्याला काढायचं होतं.

बहुतेकांचं गणित इथेच थांबतं. मला मात्र या प्रश्नातला खरा आनंद पुढे आहे असं वाटतं, कारण गडवाटेवर अंतर आणि वेग या दोन्ही गोष्टी कुणालाच नीट ठाऊक नसतात. घड्याळातला जीपीएस दाट झाडीत आणि कड्याखाली भरकटतो. दोघांनी मोजलेली एकच वाट दोन वेगळ्या लांबीची निघते. ठाऊक असतं ते एवढंच, की मागच्या खेपेला अख्खी वाट करायला आपल्याला किती वेळ लागला होता.

आणि तेवढंच पुरतं. तिला पूर्ण वाटेला 200 मिनिटं लागतात, त्याला 300. दोन्ही वेळांचा गुणाकार करा, 60,000. त्याला दोन्हींच्या बेरजेने, 500ने भागा. उत्तर 120 मिनिटं, तेच मघाचे 2 तास. यात किलोमीटर कुठेच आले नाहीत. कारण असं, की दर मिनिटाला ती वाटेचा दोनशेवा भाग संपवते आणि तो तीनशेवा. दोघांचे भाग मिळून अख्खी वाट झाली की भेट होते. चीनमधल्या ‘नऊ प्रकरणे’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या गणितग्रंथात हेच गणित पक्ष्यांच्या रूपात आहे. रानबदक दक्षिण समुद्राकडून उत्तर समुद्राकडे 7 दिवसांत पोचतं, रानहंस उलट्या दिशेने 9 दिवसांत. एकाच वेळी उडाले तर कधी भेटतील? 63 भागिले 16, म्हणजे चार दिवसांना किंचित कमी. दोन समुद्रांमधलं अंतर त्या गणितातही विचारलेलं नाही.

आता त्याला निघायला अर्धा तास उशीर झाला असं समजा. वेल्ह्यात चहा वेळेवर मिळाला नाही. भेट किती लांबेल? कुणी म्हणेल अर्धा तास, कुणी पाव तास. लांबते फक्त 12 मिनिटं. त्या अर्ध्या तासात तिने 3 किलोमीटर खाल्लेले असतात. उरलेले 17 दोघं मिळून 102 मिनिटांत संपवतात. तिच्या घड्याळात 132 मिनिटं होतात, भेट 12ऐवजी 13.2 किलोमीटरवर होते. उशिरातला किती वाटा भेटीच्या वेळेत उतरणार, ते उशीर करणाऱ्याचा वेग एकूण वेगात किती आहे यावर ठरतं. त्याचा वेग 10 पैकी 4, म्हणून 30 मिनिटांपैकी 12. तीच अर्धा तास उशिरा निघाली असती, तर भेट 18 मिनिटांनी लांबली असती.

भेटीनंतर काय होतं, हेही पाहण्यासारखं आहे. तिचे 8 किलोमीटर उरलेत, म्हणजे 80 मिनिटं. त्याचे 12 उरलेत, म्हणजे 180 मिनिटं. या दोन संख्यांचा गुणाकार 14,400 आणि त्याचं वर्गमूळ 120. भेटीपर्यंत लागलेला वेळ नेमका तेवढाच होता. हा योगायोग नाही. भेटीपर्यंत तिने जेवढी वाट तुडवली, तेवढीच त्याची उरलेली असते आणि त्याने तुडवलेली तिची. म्हणून भेटीपर्यंतचा वेळ आणि तिचा उरलेला वेळ यांचं गुणोत्तर, तसंच त्याचा उरलेला वेळ आणि भेटीपर्यंतचा वेळ यांचं गुणोत्तर, दोन्ही वेगांच्या गुणोत्तराएवढीच येतात. इथे 120 भागिले 80 आणि 180 भागिले 120, दोन्ही दीड.

रशियन गणिती व्लादिमीर आर्नोल्ड यांना वयाच्या बाराव्या वर्षी त्यांच्या शिक्षकांनी हाच प्रश्न घातला होता. दोन म्हाताऱ्या सूर्योदयाला दोन गावांहून समोरासमोर निघतात, एकसारख्या वेगाने चालत दुपारी 12 ला भेटतात आणि न थांबता पुढे जातात. एक दुपारी 4 ला पोचते, दुसरी रात्री 9 ला. त्या दिवशी सूर्य किती वाजता उगवला? अंतर नाही, वेग नाही. मुलाने त्यावर पूर्ण दिवस घालवला आणि उत्तर काढलं. चार गुणिले नऊ छत्तीस, त्याचं वर्गमूळ सहा, म्हणून सूर्योदय सकाळी 6 ला. पुढे आयुष्यभर मोठमोठे शोध लावलेल्या या माणसाने, शोधाचा आनंद पहिल्यांदा मिळाला तो या म्हाताऱ्यांमुळे, असं आवर्जून सांगितलं आहे.

पण आर्नोल्ड यांच्या म्हाताऱ्या एकसारख्या वेगाने चालत होत्या. आपले धावपटू तसे जात नाहीत. दोघांच्याही वाटचालीची सुरुवात गडाच्या चढाने होते आणि शेवट दुसऱ्या गडाच्या उताराने. वाटेचे तीन तुकडे करू: 4 किलोमीटर राजगडाची बाजू, मधले 12, आणि 4 तोरण्याची बाजू. तिला राजगडाच्या चढाला 80 मिनिटं, मधल्या तुकड्याला 90 आणि तोरण्याच्या उताराला 30 लागतात. बेरीज तीच, 200. त्याला प्रत्येक गोष्टीला दीडपट वेळ लागतो: तोरण्याच्या चढाला 120, मधे 135, राजगडाच्या उताराला 45. एकूण 300.

8 वाजता, म्हणजे सरासरीच्या हिशोबाने ज्या क्षणी भेट व्हायला हवी त्या क्षणी, तो नुकताच आपला चढ संपवतोय. ती चढ उरकून 40 मिनिटं धावली आहे आणि साधारण 9.3 किलोमीटरवर आहे. दोघांमध्ये अजून 6.7 किलोमीटर शिल्लक आहेत. मधल्या तुकड्यात मात्र अंतर भराभर मिटतं, ताशी तेरा किलोमीटरच्या वर. भेट होते 8.30 ला, तिच्या बाजूने 13.3 किलोमीटरवर. एकूण वेळ दोघांचाही जराही बदललेला नाही, तरी भेट अर्धा तास पुढे गेली. सुरुवातीला दोघंही संथ असले की भेट सरासरीच्या हिशोबाहून उशिरा होते. दोघंही जोशात सुटून नंतर दमणारे असले, तर लवकर.

घरी आल्यावर याची परीक्षाही घेता येते. या भेटीनंतर तिला 50 मिनिटं लागली, त्याला 150. गुणाकाराचं वर्गमूळ सुमारे 87, पण भेट झाली होती 150 व्या मिनिटाला. दोन्ही आकडे जुळत नाहीत, म्हणजे वेग एकसारखे नव्हते. वर्गमूळ लहान आलं, म्हणजे दोघं मिळून पाहता सुरुवात संथ होती आणि शेवट वेगवान.

निघण्यापूर्वी भेट काढायची असेल, तर सगळ्यांत भरवशाचं साधन म्हणजे आलेखाचा कागद. आडव्या रेषेवर घड्याळ, उभ्या रेषेवर वाट. खाली गुंजवणे, वर वेल्हे. तिची रेघ खालून वर जाते, त्याची वरून खाली. चढावर रेघ निजलेली, उतारावर उभट, थांब्यावर अगदी आडवी. कुणी मागे फिरलं नाही, तर या दोन रेघा एकमेकींना एकदाच छेदतात आणि तो छेद म्हणजे भेट. रेल्वेच्या नियंत्रण कक्षातले तक्ते याच जातीचे असतात. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर ‘क्रॉसिंग’साठी गाडी थांबते, तेव्हा कुणीतरी अशाच दोन रेघांचा छेद सरकवून स्टेशनावर आणून ठेवलेला असतो. रुळांच्या मधोमध छेद आला, तर चालत नाही.

गडवाटेवरही तो कुठेही येऊन चालत नाही. राजगड-तोरण्याच्या धारेवर गवत वाढलं की वाटा फुटतात, ढोरवाटा मुख्य वाटेला मिळतात आणि धुक्यात दोन माणसं पन्नास पावलांवरून एकमेकांना न दिसता निघून जाऊ शकतात. फोनची रेंज असेलच असं नाही. म्हणून कागदावरचा छेद जिथे पडेल तिथे भेटण्यापेक्षा, जिथे चुकामूक होणं अवघड आहे अशी जागा आधी ठरवावी आणि निघण्याच्या वेळा तिच्याप्रमाणे सरकवाव्यात. दोन्ही गडांच्या मधल्या खिंडीत गाडीरस्ता ओलांडावा लागतो, ती जागा मला यासाठी उत्तम वाटते. आपल्या हिशोबात ती बरोबर मधे, 10 किलोमीटरवर धरू. तिथे पोचायला तिला 80 अधिक 45, म्हणजे 125 मिनिटं लागतात. त्याला 120 अधिक साडेसदुसष्ट, म्हणजे साडेसत्याऐंशी वर शंभर. फरक एका तासाचा आणि वर अडीच मिनिटं. दोघं एकदमच निघाले, तर घामाने भिजलेल्या अंगाने ती तासभर वाऱ्यात बसून राहील. त्याऐवजी त्याने वेल्ह्याहून टॉर्च लावून पहाटे 5 ला निघावं आणि तिने गुंजवण्याहून 6 ला. ती खिंडीत 8 वाजून 5 मिनिटांनी येईल आणि तो साडेसात मिनिटांनी.