गंधार ऐकू आला त्या दिवसापर्यंत

आदरणीय बाई,



प्रारंभिक परीक्षा पास झाल्याचं तुम्हाला फोनवर सांगितलं, पण त्या वेळी माझा गळा दाटून आला होता. तुम्ही "छान झालं, उद्या तंबोरा लावून बस" एवढंच म्हणालात आणि फोन ठेवलात. दीड वर्षाचं सगळं मनात आहे, ते आज दुकान बंद करून लिहायला बसले आहे.

जून २०२३ मध्ये मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा मला बावन्नावं वर्ष लागलं होतं. भजनी मंडळात वीस वर्षं गात होते, त्यामुळे आपल्याला गाता येतं असा माझा समज होता. तुम्ही पहिल्या दिवशी गाणं म्हणायला सांगितलंच नाहीत. "सा लावा" म्हणालात. मी मंडळातल्या सवयीने काळी पाचचा सा लावला. तिथे पेटीवाले तीच पट्टी धरत आणि आम्ही सगळ्या जणी तिच्यात ओढून गायचो. तुम्ही मला त्या सा पासून खाली मंद्र पंचमापर्यंत नेलंत, मग वर तार गंधारापर्यंत. खाली आवाज भरून येत होता, पण तार गंधाराला माझ्या मानेच्या शिरा ताठ झाल्या आणि हनुवटी वर गेली. तुम्ही पट्टी अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरवत गेलात. काळी चारला थोडं सुसह्य झालं. काळी तीनला तार गंधार हनुवटी न उचलता लागला आणि मंद्र पंचमही ऐकू येत राहिला. "ही तुमची पट्टी. पन्नाशीनंतर बाईचा आवाज खाली येतो, त्याच्याशी भांडायचं नाही," असं म्हणालात. वीस वर्षं घसा का बसत होता ते मला त्या पाच मिनिटांत कळलं.

पहिले दोन महिने फक्त सा, पंचम आणि तार सा. मग भूप. सा रे ग प ध, मध्यम आणि निषाद नाहीत, वादी गंधार. वाटलं, पाच स्वरांचा राग, लवकर येईल. आणि मी अडकले ती नेमकी त्या गंधारापाशी. घरी मी पेटीवर बोट ठेवून गंधार घोटत असे. तुमच्याकडे येऊन तोच लावला की तुम्ही मान हलवायच्या. "चढा आहे." मी म्हणायची, "बाई, पेटीवर तर बरोबर येतो." तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. माझ्यासमोर पेटी बंद करून तिच्यावर कापड घातलंत आणि म्हणालात, "पेटीचाच गंधार चढा आहे."

मला ते खोटं वाटलं होतं, आज कबूल करते. मग तुम्ही वहीत गणित मांडून दाखवलंत. सा २४० धरला तर तंबोऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार बरोबर ३०० येतो, म्हणजे चाराला पाच. पेटीत सप्तकाचे बारा भाग सारखे केलेले असतात, कारण कुठलीही पट्टी सा धरून वाजवता यायला हवी. त्या सोयीपायी गंधार ३०२ च्या थोडा वर जातो. पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांत जेवढं अंतर असतं, त्याच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढा हा फरक. ऐकायला क्षुल्लक आहे. पण मी शिवणकाम करते, बाई. शिवणीत सुताएवढा फरक पडला तरी बाही खांद्यावर नीट बसत नाही, हे मला कोणी सांगायला नको. म्हणून तुमचं ते गणित मला लगेच पटलं, पण कानाला पटायला आणखी चार महिने लागले.

त्या चार महिन्यांत तुम्ही काय केलंत ते मला नीट लिहून ठेवायचं आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पहिली दहा मिनिटं मी गायचं नाही, नुसतं तंबोऱ्यापाशी बसायचं. पहिली तार मंद्र पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, शेवटचा खर्ज. तुम्ही म्हणायच्या, "खर्ज सुटला की लगेच कान बंद करू नकोस. त्याच्या शेपटाकडे लक्ष दे. त्यात गंधार आहे." (तोवर मी तुमच्यासाठी 'तू' झाले होते, आणि मला ते फार आवडलं होतं.) मला नुसता घुमारा ऐकू यायचा. एका शुक्रवारी जवारी बिघडली, तंबोरा ठसठस वाजायला लागला आणि तुम्ही मला विचारलंत, "तुझ्या पिशवीत सुती दोरा आहे का?" होताच. तुम्ही घोडीवर तारेखालचा जुना दोरा काढला, माझा दोरा घातला आणि नखाने केसभर पुढे, केसभर मागे सरकवत तार छेडत राहिलात. एका जागी आल्यावर आवाज एकदम उघडला, जणू कोणी खिडकीची झडप लोटली. तुम्ही हात काढलात आणि खर्ज विरत असताना त्याच्या आतून, बारीक, पण अगदी स्पष्ट, गंधार आला. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त पुन्हा तार छेडलीत.

त्यानंतर मी 'ग' लावायचं सोडलं आणि तंबोऱ्यातल्या गंधारात मिसळायला शिकले. चढा लागला की आवाज आणि तंबोरा एकमेकांना घासतात, एक थरथर जाणवते. तिथून हळूहळू खाली आलं की थरथर मंद होते आणि मग थांबते. त्या क्षणी स्वतःचा आवाज कमी झाल्यासारखा वाटतो. सुरुवातीला मला वाटायचं, दम संपला. तुम्ही सांगितलंत की तेव्हाच तो बरोबर असतो. कुठल्याही पुस्तकात मला हे मिळालं नसतं.

तालाचं दुखणं वेगळं होतं. त्रितालाचा ठेका हातावर धरून मी बिनचूक म्हणायची. धा धिं धिं धा, पहिल्या मात्रेला टाळी, मग करंगळी, अनामिका, मध्यमा. पाचवीला टाळी, नववीला हात उलटा करून खाली, तेरावीला पुन्हा टाळी. दुगुण आली की सगळं विस्कटायचं. एका मात्रेत दोन बोल म्हणायचे आणि हात होता त्याच गतीने चालत राहायला हवा. माझी जीभ दुप्पट झाली की हातही पळायला लागायचा. मग ती दुगुण राहायचीच नाही, एकपटच ठेका जलद म्हटल्यासारखा व्हायचा. मला मात्र तो बरोबर वाटायचा, कारण सम सापडत होती. हात पळाला की समही त्याच्याबरोबर पळते, हे तुम्ही दाखवेपर्यंत मला कळलंच नव्हतं.

तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून पाहिलंत, तबल्यावर एकपट वाजवून पाहिलंत, पाठोपाठ किती शुक्रवार गेले ते मी मोजले नाहीत. मग एकदा विचारलंत, "तुझी मशीन पायाची की मोटरची?" पायाची आहे, आईची. "दोरा न ओवता, कापड न घालता नुसती चालव. पायाचा एक हेलकावा म्हणजे एक मात्रा. त्यावर आधी ठेका म्हण, मग पाय तसाच ठेवून दुगुण." त्या रात्री करून पाहिलं. मशीनच्या चाकाला वजन असतं. एकदा फिरायला लागलं की जिभेच्या घाईने ते पळत नाही. धाधिं धिंधा धाधिं धिंधा म्हणताना पायाखालचा हेलकावा तसाच राहिला आणि दोन बोल त्या एका हेलकाव्यात मावले. आठ मात्रांत पूर्ण ठेका झाला, दुसऱ्या आठ मात्रांत पुन्हा, आणि सम पायाखाली आली. मी तीन रात्री हेच केलं. चौथ्या दिवशी हातावर जमलं. माझ्या घरात काय आहे, माझ्या हातापायांना काय सवय आहे, हे विचारून शिकवणारं मला याआधी कोणी भेटलं नव्हतं.

एप्रिल-मेच्या सत्राला तुम्ही मला फॉर्म भरू दिला नाहीत. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. मंडळातल्या एकीने वर्षभरात परीक्षा दिली होती आणि मी अजून भूपातच होते. आज वाटतं, तेव्हा बसले असते तर पेटीचा गंधार घेऊन गेले असते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्राला तुम्ही स्वतः फॉर्म आणलात.

परीक्षेला लेखी काही नव्हतं. खोलीत इलेक्ट्रॉनिक तंबोरा होता, आधीच्या मुलीच्या पट्टीवर. मी काळी तीन मागून घेतली. तुम्ही बजावलं होतंत की मागायला संकोचायचं नाही, परीक्षक त्यासाठीच थांबतात. त्या यंत्रात गंधार तेवढा उघडा ऐकू आला नाही, म्हणून मी डोळे मिटून तुमच्या खोलीतला आठवला आणि तिथे आवाज ठेवला. आरोह, अवरोह, मग बंदिश. नवव्या मात्रेवरून उठले आणि समेवर आले. दुगुण सांगितली तेव्हा बाकाखाली माझा पाय हलत होता, तो परीक्षकांना दिसला असेल. त्यांनी चार स्वर गाऊन राग विचारला. गंधार नव्हता, मध्यम होता, मी दुर्गा सांगितला.

चौथ्या तानेत मात्र तार सा वरून धैवतावर उतरताना निषाद लागला. हीच जागा तुम्ही मला कितीदा तोडून म्हणायला लावली होतीत. आधी सा, थांबायचं, मग धैवत, आणि दोन्ही घट्ट बसल्यावरच जोडायचे, कारण मधलं अंतर मोठं आहे आणि घाईत गळा मधल्या पायरीवर पाय टेकवतो. परीक्षेच्या धांदलीत तो टेकलाच. पण बाई, तो लागला त्याच क्षणी मला ऐकू आला. परीक्षकांनी कागदावर काही लिहिण्याआधी. दीड वर्षापूर्वी मला तो ऐकू आला नसता. घरी परत येताना मला परीक्षेपेक्षा त्याचाच आनंद जास्त होता.

प्रमाणपत्रावर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं नाव असेल. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला पहिलं गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९३१ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ उभं केलं, हे तुम्हीच सांगितलंत. पलुस्कर इथे मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. ज्या गावात मी तीस वर्षं ब्लाउज शिवले, त्या गावाबद्दल मला हे माहीत नव्हतं. आता सतारमेकर गल्लीतून जाताना दारात वाळत ठेवलेले भोपळे दिसले की माझी पावलं मंदावतात.

प्रमाणपत्र हातात आलं की ते आधी तुमच्यासमोर ठेवणार आहे. तुम्ही पेढे घेऊ नका म्हणालात, म्हणून आणत नाही. मागच्या शुक्रवारी तुमच्या तंबोऱ्याची जोडाची एक तार गंजल्यासारखी वाटली. मी गल्लीतून नवी तार आणून ठेवली आहे, आणि सुती दोऱ्याची रीळही. मंगळवारी जरा लवकर येते. तार तुम्ही चढवा, दोरा या वेळी मी सरकवून पाहते.

तुमची विद्यार्थिनी