दहावीला दोन परीक्षा: दुसरी संधी नेमकी कशाची?

सीबीएसईच्या शाळेत मूल असलेल्या घरांमध्ये सध्या एक समजूत पक्की होत चालली आहे. दहावीची बोर्डाची परीक्षा २०२६ पासून वर्षातून दोनदा होणार, म्हणजे फेब्रुवारीत तयारी झाली नसेल तर मुलाने थेट मे महिन्यात परीक्षेला बसावे, ही ती समजूत. ती चुकीची आहे आणि तिच्यावर विसंबून राहिले तर मुलाचे अख्खे वर्ष जाऊ शकते. म्हणून नव्या पद्धतीची ओळख तिच्या सर्वांत कडक नियमापासूनच करून घेऊ.

फेब्रुवारीतली पहिली परीक्षा सर्वांना सक्तीची आहे. जो विद्यार्थी या परीक्षेत तीन किंवा त्याहून जास्त विषयांना गैरहजर राहील, त्याला मे महिन्यातल्या दुसऱ्या परीक्षेला बसता येणार नाही. मंडळ त्याला ‘इसेन्शियल रिपीट’ या गटात टाकते. त्याला पुन्हा परीक्षा देता येते ती थेट पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत. कारण आजारपणाचे असो वा अपुऱ्या तयारीचे, नियम तोच. एक-दोन पेपर बुडाले तर मे महिन्याचा रस्ता उघडा राहतो, तिसरा बुडाला की तो बंद होतो. ऐन परीक्षेच्या दिवसांत मुलाला ताप आला, तर पालकांनी हा आकडा आधी आठवावा. थोडी कणकण असताना दिलेला आणि कमी गुण मिळालेला पेपर मे महिन्यात सुधारता येतो, तिसरा चुकलेला पेपर मात्र दुसऱ्या परीक्षेचे दारच लावून घेतो. शाळेच्या कार्यक्रमाआड खेळाच्या मोठ्या स्पर्धा येणाऱ्या खेळाडूंसाठी आणि हिवाळ्यात बंद राहणाऱ्या थंड प्रदेशांतल्या शाळांसाठी काही सवलती आहेत, पण महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांचा त्यांच्याशी संबंध येणार नाही.

मग दुसरी परीक्षा आहे तरी कशासाठी? तिचे मूळ २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. बोर्डाच्या परीक्षेचा ताण कमी व्हावा म्हणून एकाच शैक्षणिक वर्षात विद्यार्थ्याला दोनदा परीक्षा देता यावी, एक मुख्य आणि हवी असल्यास एक गुणसुधारणेसाठी, असे त्या धोरणात म्हटले आहे. सीबीएसईने जून २०२५ मध्ये दहावीसाठी या योजनेला मंजुरी दिली. पहिली परीक्षा फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होणार आणि तिचा निकाल एप्रिलमध्ये लागणार. दुसरी परीक्षा मे महिन्यात होणार आणि तिचा निकाल जूनमध्ये येणार. दोन्ही परीक्षांना पूर्ण वर्षाचा अभ्यासक्रम असेल. कोविडच्या काळात, २०२१-२२ मध्ये, सीबीएसईने परीक्षेचे दोन भाग केले होते. तेव्हा पहिल्या सत्रात अर्धा आणि दुसऱ्या सत्रात उरलेला अर्धा अभ्यासक्रम होता. मोठ्या भावंडाची ती परीक्षा आठवणाऱ्या पालकांनी या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या परीक्षेत जास्तीत जास्त तीन विषय पुन्हा देता येतात. विज्ञान, गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांतलेच ते असावे लागतात. दोन्ही परीक्षांत मिळालेल्या गुणांपैकी जे जास्त असतील तेच धरले जातात, त्यामुळे दुसऱ्यांदा पेपर अवघड गेला म्हणून गुण घटत नाहीत. मुलांच्या मनावरचे सगळ्यात मोठे ओझे इथे खरेच उतरते आणि मला ही या योजनेतली सर्वांत चांगली तरतूद वाटते. याआधीही दहावीच्या विद्यार्थ्याला पुरवणी परीक्षेत गुण सुधारता येत होते, पण दोनच विषयांत आणि जुलैमध्ये. आता विषय तीन झाले आणि परीक्षा दोन महिने अलीकडे आली.

आता गुणपत्रक हातात घेऊन पाहू, कारण बहुतेकांची चूक तिथेच होते. सीबीएसईच्या दहावीत मुख्य विषयांचे शंभर गुण दोन भागांत विभागलेले असतात. ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० गुण शाळेने वर्षभरात दिलेले, म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाचे. दुसरी परीक्षा होते ती फक्त लेखी भागाची. शाळेचे २० पैकी मिळालेले गुण वर्षातून एकदाच ठरतात आणि तेच दोन्ही वेळा धरले जातात.

समजा, एका मुलीला इंग्रजीत ८४, मराठीत ९१, सामाजिक शास्त्रात ८२, विज्ञानात ७८ आणि गणितात ६१ गुण मिळाले. बेरीज ३९६, म्हणजे ७९.२ टक्के. घरात चर्चा सुरू होते, की विज्ञान आणि गणित दोन्ही पुन्हा द्यावेत. गुणपत्रकातली फोड पाहिली तर गणितात लेखी ४२ आणि अंतर्गत १९ आहेत, विज्ञानात लेखी ६० आणि अंतर्गत १८. गणिताच्या लेखी परीक्षेत तिचे ३८ गुण गेले आहेत, विज्ञानात २०. ती दोन्ही विषय देते. गणितात तिला ४२ ऐवजी ५५ मिळतात आणि एकूण ७४ होतात. विज्ञानात मात्र लेखीत ५७ च मिळतात, म्हणजे एकूण ७५. विज्ञानाचे जुने ७८ जास्त आहेत, म्हणून तेच राहतात. नवी बेरीज ४०९, म्हणजे ८१.८ टक्के. पाच विषयांच्या ५०० गुणांत एक टक्का वाढवायला पाच गुण लागतात. तिच्या १३ गुणांनी २.६ टक्के वाढवले आणि ते सगळे गणिताने दिले. विज्ञानावर खर्च केलेल्या दिवसांचे तिला काहीच मिळाले नाही. तेच दिवस गणिताला दिले असते तर कदाचित आणखी चार-पाच गुण आले असते.

म्हणून विषय निवडताना एकूण गुणांकडे न पाहता लेखी भागात किती गुण गेले आणि ते का गेले हे पाहावे. एखाद्या धड्याची भीती, वेळ न पुरणे, ऐन दिवशी गडबडून प्रश्न सोडणे, अशा कारणांनी गेलेले गुण महिन्याभराच्या अभ्यासाने परत येतात. दहावीच्या पेपरात निम्म्याच्या आसपास प्रश्न आता शिकलेले वापरून पाहायला लावणारे असतात. तिथे गुण गेले असतील तर पाठांतराची उजळणी उपयोगी पडत नाही. मुलाला अशा प्रश्नांशी झटावे लागते आणि त्यासाठी महिना तोकडा पडतो. ज्या विषयात लेखी ८० पैकी ७० च्या वर आहेत, तो पुन्हा देण्यात मला अर्थ दिसत नाही.

नापास झालेल्यांसाठी चित्र थोडे वेगळे आहे. उत्तीर्ण व्हायला प्रत्येक विषयात लेखी आणि अंतर्गत मिळून ३३ गुण लागतात. समजा एखाद्या मुलाला गणितात लेखी १३ आणि अंतर्गत १७ मिळाले, तर बेरीज ३० होते आणि विषय राहतो. मे महिन्यात त्याला लेखीत १६ मिळाले की विषय सुटतो, कारण शाळेचे १७ गुण त्याच्या खात्यात जमा आहेतच. एक-दोन विषय राहिलेले विद्यार्थी ‘कंपार्टमेंट’ म्हणून याच मे महिन्याच्या परीक्षेला बसतात. त्यासोबत सुटलेल्या एखाद्या विषयात गुणसुधारणेचा प्रयत्नही त्यांना करता येतो. पूर्वी या मुलांना जुलैपर्यंत वाट पाहावी लागत असे, तोवर वर्गमित्र अकरावीत रुळलेले असत. माझ्या मते या बदलाचा सगळ्यात मोठा फायदा याच मुलांना आहे आणि चर्चेत तीच सर्वांत कमी असतात.

दुसऱ्या परीक्षेची किंमतही मोजली पाहिजे. शुल्क वेगळे भरावे लागते आणि शाळेने मंडळाला पाठवायच्या परीक्षार्थींच्या यादीत आपले नाव मुदतीत जावे लागते. या यादीला शाळांमध्ये ‘एलओसी’ म्हणतात. पहिल्या परीक्षेच्या यादीत ज्याचे नाव नव्हते, त्याला दुसऱ्या परीक्षेसाठी नव्याने नाव घालता येत नाही. पण खरी किंमत वेळेची आहे. सीबीएसई शाळांत अकरावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होतात. जेईई आणि नीटची शिकवणीही त्याच सुमारास जोर धरते. एप्रिलमध्ये निकाल आणि मे महिन्यात परीक्षा, यात मिळतो तो जेमतेम महिना, आणि त्यात अकरावीचे भौतिकशास्त्र आणि दहावीचे सामाजिक शास्त्र दोन्ही डोक्यावर असतात. एक विषय देणारे मूल हे निभावून नेते. तीन विषय देणारे मूल दोन्हीकडे अर्धवट राहण्याची शक्यता जास्त.

अकरावीत प्रवेश कोणत्या गुणांवर, हा पुढचा प्रश्न. त्याच शाळेत पुढे शिकायचे असेल तर अडचण नाही. पहिल्या परीक्षेच्या गुणांवर तात्पुरता प्रवेश मिळतो, आणि दुसऱ्या परीक्षेच्या निकालानंतर तो पक्का होतो. अडचण येते ती दहावीनंतर कनिष्ठ महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्यांची. महाराष्ट्रात अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया २०२५ पासून राज्यभर लागू झाली आणि तिथे गुणांच्या यादीवर जागा ठरतात. मोठ्या महाविद्यालयांत एका टक्क्याने यादीतली जागा बरीच खाली-वर होते. मात्र ही प्रक्रिया राज्य मंडळाच्या निकालाच्या पाठोपाठ, मे-जूनमध्येच सुरू होते, आणि सीबीएसईचा दुसरा निकाल जूनमध्ये येतो. सुधारलेले गुण हातात येईपर्यंत पहिल्या फेऱ्यांतल्या जागा भरलेल्या असू शकतात. म्हणून अर्ज पहिल्या गुणांवर वेळेत भरावा, पसंतीक्रमही त्याच गुणांना धरून लावावा, आणि वाढलेले गुण पुढच्या फेऱ्यांत कसे दाखवायचे ते त्या वर्षीच्या प्रवेशपुस्तिकेत पाहून घ्यावे. ‘मे महिन्यात वाढतीलच’ या भरवशावर अर्ज रोखून धरू नये.

राज्य मंडळाच्या दहावीला या योजनेतले काहीही लागू नाही. तिथे पुरवणी परीक्षा आणि श्रेणीसुधार यांचे नियम वेगळे आहेत आणि ते तसेच चालू आहेत. सीबीएसईच्या बारावीलाही ही दुहेरी परीक्षा नाही. तिथे मुख्य परीक्षा एकच होते, आणि गुण सुधारायचे असतील तर पुरवणी परीक्षेत एकाच विषयाची मुभा मिळते. दोन वर्षांनी आपले मूल बारावीत गेल्यावर दहावीसारखेच तीन विषय पुन्हा देता येतील, असे धरून चालणाऱ्या घरांनी ही गोष्ट आत्ताच नोंदवून ठेवावी.