सभेआधीची प्रार्थना

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. म्हणून पावसाळ्याच्या अखेरीस रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या जातात. चौदा दिवस आधी नोटीस लागलेली असते आणि तेवढ्यात जिन्यात, लिफ्टमध्ये, व्हॉट्सॲपवर अर्धं भांडण होऊनही गेलेलं असतं. लोक येतात ते उत्तरं तयार करूनच. अशा सभेची सुरुवात प्रार्थनेने करण्याची पद्धत काही सोसायट्यांत आहे. ती मला फार मोलाची वाटते, पण प्रार्थना त्या सभेसाठी नीट निवडलेली असेल तरच.

बहुतेकांना पहिल्यांदा पसायदान सुचतं. ज्ञानेश्वरीच्या शेवटी, काम पुरं झाल्यावर मागितलेलं ते दान आहे. त्यात दुर्जनांचं दुष्टपण जावं, असं मागणं आहे. ज्ञानेश्वरांनी ते दुर्जनांविषयीच्या मायेनेच मागितलं आहे. पण तापलेल्या सभेत त्या ओळीला दोन माना वळतात, दोन डोळे कुणाकडे तरी बघतात, आणि ज्याच्याकडे बघितलं गेलं त्याच्या मनातलं दार तिथेच बंद होतं. पसायदान सभा संपताना म्हणावं. तिथे ते शोभतं आणि पोचतंही.

सभेसाठी प्रार्थना करणं आपल्याकडे फार जुनं आहे. अथर्ववेदाच्या सातव्या कांडात सभा आणि समिती यांना प्रजापतीच्या कन्या म्हटलं आहे आणि जमलेल्या लोकांसमोर आपल्याला चांगलं बोलता यावं, अशी मागणी केली आहे. त्याच वेदाच्या दुसऱ्या कांडात वादात प्रतिपक्षाला हरवण्यासाठी एका वनस्पतीला साकडं घातलं आहे. दोन्ही इच्छा माणसाच्या आहेत आणि सोसायटीच्या सभेला येताना दोन्ही बरोबर येतात. सुरुवातीच्या प्रार्थनेने यातल्या दुसऱ्या इच्छेला जरा बाजूला बसवायचं असतं. त्यासाठी मागायचं ते ऐकण्याचं बळ. जिंकण्याचं तर नाहीच, एकमताचंही नाही.

एकमत मागू नये, असं मी मुद्दाम म्हणतो. ठराव बहुमताने मंजूर होतो आणि विरोधात हात वर करणं हा सभासदाचा हक्क आहे. प्रार्थनेतच ‘आम्हां सर्वांचं एकमत होवो’ असं म्हटलं, तर पुढे विरोध करणारा जणू प्रार्थना मोडणारा ठरतो. आधीच एकट्या पडलेल्या माणसावर आपण आणखी ओझं टाकतो.

समजा, चार मजल्यांची, २४ सदनिकांची एक सोसायटी आहे. गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्यावरच्या सहा घरांचे स्लॅब ओले झाले आहेत. वॉटरप्रूफिंगसाठी सगळ्यांकडून वर्गणी काढायचा ठराव आहे. तळमजल्यावरचे एक काका चिडलेले आहेत. त्यांच्या न्हाणीघराच्या छतातून वरच्या घरातलं पाणी गळत होतं, तेव्हा समितीने ‘तुमचं तुम्ही वरच्यांशी बघा’ असं सांगितलं. मग आता गच्चीचा खर्च त्यांनी का द्यायचा? आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची गळती दुरुस्त करणं हे संस्थेचं काम आहे आणि घरातल्या संडास-न्हाणीमुळे होणारी गळती त्या त्या सभासदाने निस्तरायची असते. म्हणजे समितीचं दोन्ही वेळी नियमाला धरूनच होतं. तरी काकांचा सल खोटा नाही, कारण त्यांना नियम समजावून सांगायला तेव्हा कुणी बसलं नाही.

या सभेसाठी प्रार्थना लिहिताना ‘ज्यांच्या घरात पाणी गळतं त्यांचं दुःख आम्हाला कळू दे’ असं सहज लिहून जाईल. वाक्य कळवळ्याचं आहे, पण त्याने चौथ्या मजल्याची बाजू आधीच घेतली. ‘ज्यांना खर्च पेलत नाही त्यांचा विचार व्हावा’ म्हटलं, तर समोरची बाजू घेतली. लिहून झाल्यावर दोन्ही पक्षांच्या जागी बसून एकेक ओळ वाचावी. एकालाही ती आपल्यावर रोखलेली वाटली, तर ती काढावी. विषयपत्रिकेतला कुठलाही विषय प्रार्थनेत येऊ नये. थकबाकीदारांना सद्बुद्धी मागणं तर नकोच.

इमारतीत हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, जैन, बौद्ध आणि देव न मानणारेही राहतात. त्यामुळे ज्याला जसं हवं तसं मनाशी म्हणता येईल, अशी साधी हाक पुरेशी आहे. मी अशी लिहिली आहे:

हे दयाळा,
आम्ही एकाच इमारतीत राहतो आणि आज आमची मतं वेगवेगळी आहेत.
बोलणाऱ्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबण्याचा धीर आम्हाला दे.
आमच्या विरोधात कुणी बोललं, तरी त्यात खरं असेल तेवढं आमच्या कानी पडू दे.
आपल्या माणसाने सांगितलं म्हणून खोटं धरू नये आणि दुसऱ्याने सांगितलं म्हणून खरं टाकू नये, एवढी बुद्धी दे.
ज्यांना चारचौघांत बोलायची सवय नाही, त्यांनाही आज बोलता येऊ दे.
हिशोब विचारणाऱ्याचा आम्हाला राग न येवो आणि हिशोब देणाऱ्यावर आळ घेण्याची घाई आमच्याकडून न होवो.
मागची भांडणं आजच्या प्रश्नात ओढण्यापासून आमची जीभ आवर.
निर्णय कसाही होवो, आपलं म्हणणं ऐकलं गेलं असं प्रत्येकाला वाटू दे.
उद्या जिन्यात भेटल्यावर नजर चुकवावी लागेल, असा शब्द आज कुणाच्या तोंडून न निघो.

सावकाश वाचायला हिला दीड-दोन मिनिटं लागतात. यापेक्षा लांब झाली, तर ज्यांचं रक्त तापलेलं आहे त्यांना ती वेळकाढूपणा वाटते. वाचणारी व्यक्ती अध्यक्ष किंवा सचिव नसावी, कारण बऱ्याच तक्रारी त्यांच्याविषयीच असतात आणि त्यांच्या तोंडी धीराची विनंती ‘गप्प बसा’ अशी ऐकू येते. त्या वादात नसलेल्या एखाद्या आजींनी किंवा नुकतं मतदान करू लागलेल्या मुलाने वाचावी. उभं राहण्याचा आग्रह नको. ज्याला सामील व्हायचं नाही त्याने शांत बसावं आणि त्याबद्दल कुणी काही बोलू नये.

वेळही महत्त्वाची आहे. गणपूर्तीसाठी दोन तृतीयांश किंवा २० सभासद, यांतला कमी आकडा धरतात. आपल्या उदाहरणात तो १६ आहे. अर्ध्या तासात तेवढे आले नाहीत, तर सभा तहकूब होते. त्या वाट बघण्यातच आवाज चढू लागतात, म्हणून गणपूर्ती जाहीर झाल्यावर, मागचं इतिवृत्त वाचण्याआधी प्रार्थना घ्यावी. तहकूब सभा पुन्हा भरली, की तेव्हाही घ्यावी.

जे मागितलं त्याची सोय लगेच पुढे दिसली नाही, तर पुढच्या वर्षी कुणी मनापासून हात जोडणार नाही. म्हणून अध्यक्षांनी प्रार्थनेनंतर लागलीच सांगावं, की प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतील, सगळ्यांचं एकदा बोलून झाल्याशिवाय कुणाला दुसऱ्यांदा संधी नाही, आणि विरोध नोंदवायचा असेल त्याचा विरोध इतिवृत्तात नावासह लिहिला जाईल. गच्चीच्या विषयावर पहिली संधी तळमजल्याच्या काकांना द्यावी. ते बोलत असताना कुणी मध्ये तोंड घातलं, तर अध्यक्षांनी दटावू नये. प्रार्थनेची दुसरी ओळ पुन्हा वाचावी आणि काकांना पुढे बोलायला सांगावं. त्यांचं झालं, की दोन गळत्यांचे दोन नियम सचिवांनी उपविधींचं पुस्तक उघडून सर्वांसमोर वाचावेत, आणि मगच ठराव मताला टाकावा.