आजोबांची लस आणि नातीचा प्रश्न

फ्लूची लस नको म्हणणाऱ्या ज्येष्ठांचा नकार बहुधा जुन्या अनुभवातून आलेला असतो. बहात्तरीतल्या, मधुमेह असलेल्या एका आजोबांचेच पाहा. “गेल्या वर्षी सुई टोचली आणि चौथ्या दिवशी तापाने आडवा झालो. पुन्हा नाही!” असे त्यांनी घरात ठणकावून सांगितले. मुलाने वाद घातला, तेव्हा ते अधिकच अडून बसले.

नातीने मात्र वाद घातला नाही. “आबा, तेव्हा घरात अजून कोण आजारी होतं?” एवढेच तिने विचारले. आजीला आधीपासून ताप होता, हे आबांना आठवले. मग नातीने सावकाश समजावले. टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यातून फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, अंग कसकसते, पण ते एक-दोन दिवसांत ओसरते. संरक्षण तयार व्हायला मात्र सुमारे दोन आठवडे लागतात. त्याआधीच आबांना घरातला संसर्ग झाला असावा.

“मग आता सर्दी होणारच नाही?” आबांनी विचारले. नातीने खोटी हमी दिली नाही, हे फार महत्त्वाचे. साध्या सर्दीवर ही लस चालत नाही. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण न्यूमोनिया होण्याचा, रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका घटतो. दुसऱ्या दिवशी आबा तिच्यासोबत दवाखान्यात गेले. विषाणू बदलत राहतो, म्हणून ही लस दरवर्षी घ्यावी लागते.