हार्डी-वाइनबर्ग समतोलातील वाहक-प्रमाणाचा पडताळा

एखाद्या लोकसमूहात अप्रभावी आनुवंशिक विकाराचे रुग्ण किती, यावरून त्या विकाराच्या जनुकाची वारंवारता आणि निरोगी वाहकांचे प्रमाण काढण्याची रीत हार्डी-वाइनबर्ग समतोलाच्या गृहीतकावर आधारलेली आहे. इंग्रज गणितज्ञ जी. एच. हार्डी आणि जर्मन वैद्य विल्हेल्म वाइनबर्ग यांनी १९०८ साली हे तत्त्व परस्परांपासून स्वतंत्रपणे मांडले. या रीतीने मिळालेल्या उत्तराचा पडताळा दोन स्तरांवर करावा लागतो: आकडेमोड बरोबर आहे का, आणि मुळात समतोल गृहीत धरणे योग्य होते का. पहिला पडताळा कागदावर होतो, तर दुसऱ्यासाठी रक्ततपासणी लागते.

== गणन व त्याचा पडताळा ==

जनुकाच्या दोन पर्यायी रूपांना ॲलील म्हणतात. प्रभावी ॲलीलची वारंवारता p आणि अप्रभावी ॲलीलची q मानल्यास p + q = १ होते. समतोल असेल तर निर्दोष, वाहक आणि रुग्ण यांची प्रमाणे अनुक्रमे p², २pq आणि q² अशी असतात. उदाहरणार्थ, २,५०० जणांत एक रुग्ण असेल तर q² = ०.०००४, q = ०.०२ आणि p = ०.९८. वाहकांचे प्रमाण २ × ०.९८ × ०.०२ = ०.०३९२, म्हणजे साधारण पंचवीस-सव्वीस जणांत एक. रुग्ण इतका विरळ असताना वाहक इतके सर्रास कसे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु विरळ विकाराचे जवळजवळ सर्व सदोष ॲलील वाहकांतच दडलेले असतात.

p² + २pq + q² = १ होते की नाही हे पाहून समाधान मानण्याची पद्धत पाठ्यपुस्तकी उत्तरांत नेहमी आढळते. हा पडताळा निरुपयोगी आहे, कारण q ची किंमत काहीही घेतली तरी ही बेरीज एकच येते. त्यापेक्षा प्रमाणांचे माणसांत रूपांतर करून ॲलील मोजणे अधिक खात्रीचे. वरील उदाहरणात १०,००० जणांत ४ रुग्ण आणि ३९२ वाहक येतात. रुग्णाकडे सदोष ॲलीलच्या दोन प्रती आणि वाहकाकडे एक, म्हणून एकूण सदोष प्रती ८ + ३९२ = ४००. दहा हजार जणांत एकूण ॲलील २०,००० असल्याने वारंवारता ४०० ÷ २०,००० = ०.०२ येते आणि ती गृहीत घेतलेल्या q शी जुळते.

नेहमीच्या दोन चुका या मोजणीत लगेच उघड होतात. २pq मधील २ विसरल्यास वाहक १९६ येतात, सदोष प्रती २०४ भरतात आणि वारंवारता ०.०२ ऐवजी ०.०१०२ निघते. वर्गमूळ न काढता रुग्णांचे प्रमाण हेच q मानल्यास वाहक केवळ ८ येतात, आणि मोजणीतील वारंवारता मानलेल्या q च्या दुप्पट भरते.

== समतोलाचे गृहीतक ==

सदर सूत्र विवाह यदृच्छेने, म्हणजे नात्याचा वा जातीचा विचार न होता, होतात असे मानते. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी विवाहाची रूढी असल्याने जालना जिल्ह्यासारख्या ठिकाणी हे गृहीतक सरसकट लागू करता येत नाही. आते-मामे भावंडांच्या अपत्याला एकाच पूर्वजाकडून आलेल्या एकाच ॲलीलच्या दोन प्रती मिळण्याची शक्यता १/१६ असते. या शक्यतेची समूहातील सरासरी F मानल्यास रुग्णांचे प्रमाण q² + Fpq आणि वाहकांचे २pq(१ − F) होते. नात्यातील विवाहांनी ॲलीलची वारंवारता बदलत नाही. रुग्ण वाढतात आणि त्या वाढीच्या दुप्पट वाहक घटतात.

समजा, शंभरांपैकी ३२ विवाह आते-मामे भावंडांत होतात. हा आकडा केवळ उदाहरणादाखल घेतला आहे. तेव्हा F = ०.३२ ÷ १६ = ०.०२. रुग्णांचे प्रमाण पूर्वीचेच, म्हणजे २,५०० त एक, ठेवून समीकरण सोडवल्यास q सुमारे ०.०१२४ आणि वाहकांचे प्रमाण सुमारे ०.०२४१ येते. दहा हजारांत ३९२ ऐवजी २४१ वाहक! जालना जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १९,५९,०४६ होती. तिला ही प्रमाणे लावली तर पहिल्या हिशेबाने सुमारे ७६,८०० आणि दुसऱ्याने सुमारे ४७,००० वाहक निघतात. वाहक-तपासणी व विवाहपूर्व समुपदेशनाची आखणी ज्या आकड्यावर व्हायची, त्यात जवळजवळ तीस हजारांचा फरक पडतो.

येथे ॲलील मोजण्याचा पडताळा मदत करत नाही. दुसऱ्या उत्तरातही ८ + २४१ = २४९ प्रती भरतात आणि २४९ ÷ २०,००० ही किंमत त्या q शी जुळते. दोन्ही उत्तरे अंतर्गत सुसंगत आहेत. केवळ रुग्णसंख्या हाती असताना त्यांतले खरे कोणते हे ठरवता येत नाही. (२,५०० त एक हे पाठ्यपुस्तकांतील लाडके प्रमाण युरोपीय वंशाच्या लोकांतील सिस्टिक फायब्रोसिसवरून आलेले आहे. ते जालन्याच्या लोकसंख्येला येथे केवळ हिशेब दाखवण्यासाठी लावले आहे.)

== तिन्ही गटांची मोजणी ==

वाहक प्रत्यक्ष ओळखता येत असतील तर गृहीतकाचीही परीक्षा घेता येते. विदर्भात व नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल भागात आढळणारा सिकलसेल हा विकार या बाबतीत सोयीचा आहे, कारण हिमोग्लोबिनच्या इलेक्ट्रोफोरेसिसने निर्दोष, वाहक आणि ग्रस्त हे तिन्ही गट वेगळे दिसतात. सोल्युबिलिटी चाचणी एकटीच केली तर वाहक आणि ग्रस्त यांत भेद होत नाही, म्हणून ती या कामी अपुरी पडते.

समजा, १,००० जणांत ८२६ निर्दोष, १५० वाहक आणि २४ ग्रस्त आढळले (हे आकडेही कल्पित आहेत). सदोष प्रती ४८ + १५० = १९८, म्हणून q = १९८ ÷ २,००० = ०.०९९. उलट केवळ ग्रस्तांवरून वर्गमूळ काढले असते तर q ०.१५५ आली असती आणि वाहक २६ टक्के निघाले असते. प्रत्यक्षात ते १५ टक्केच आहेत. दोन मार्गांनी काढलेली q अशी दूर जाणे हीच समतोल नसल्याची खूण होय. मोजलेल्या q वरून समतोलात वाहक सुमारे १७८ आणि ग्रस्त सुमारे १० अपेक्षित होते. तिन्ही गटांच्या फरकांवरून काय-वर्ग संख्या सुमारे २५ येते. एका मुक्तिमात्रेसाठी पाच टक्के पातळीची मर्यादा ३.८४ आहे, म्हणजे हा फरक योगायोगाचा मानता येत नाही.

कारण शोधतानाही हेच आकडे उपयोगी पडतात. वाहकांची तूट १ − १५०/१७८, म्हणजे सुमारे ०.१६ आहे. एका पिढीतील सर्वच्या सर्व विवाह आते-मामे भावंडांत झाले तरी ही तूट १/१६, म्हणजे सुमारे ०.०६ इतकीच पडली असती. तेव्हा नात्यातील विवाह हे एकमेव कारण नसावे. आपसात विवाह न करणारे, q वेगवेगळी असणारे समाज एकाच नमुन्यात मिसळले गेले असावेत, असा संशय घेऊन प्रत्येक समाजाची मोजणी वेगळी करून पाहावी लागते. नमुना रुग्णालयातून घेतला असल्यास ग्रस्तांचे प्रमाण फुगलेले असणे हेही कारण संभवते. याच्या उलट, अलीकडेच रक्त चढवलेला ग्रस्त रुग्ण तपासणीत वाहकासारखा दिसू शकतो आणि बालपणीच दगावलेले ग्रस्त प्रौढांच्या नमुन्यात येतच नाहीत. अशा नमुन्यात ग्रस्तांचा गट खऱ्यापेक्षा लहान भासतो आणि वाहकांची तूट झाकली जाते.