बॉयलर पेटल्यापासून किती दिवसांनी कारखाना स्वतःचा होतो?

परभणीला कॉमर्स शिकणाऱ्या एका सभासदाच्या मुलीने वहीच्या एका पानाचा फोटो आमच्याकडे पाठवला. कॉस्ट अकाउंटिंगचे गणित, आणि तेही साखर कारखान्याचेच. फोटोत पानाची उजवी कड कापली गेलेली, त्यामुळे कोणता खर्च स्थिर आणि कोणता बदलता हे लिहिलेला रकानाच गायब. "काका, एवढं लावून द्या" म्हणाली. आम्ही बसलो, आणि चहा गार होऊन गेला.

गणितातला कारखाना कल्पित आहे. रोजचे गाळप २५०० टन, हंगाम १५० दिवसांचा, म्हणजे पावणेचार लाख टन ऊस. उतारा १० टक्के, म्हणजे टनामागे एक क्विंटल साखर. साखरेचे ३७०० रुपये आणि मळी-बगॅसचे ४०० धरून टनामागे ४१०० रुपये येतात.

आता खर्च लावायचा. कसोटी एकच: आज ऊस आलाच नाही, तर हा खर्च थांबतो का? उसाचा भाव थांबतो. तोडणी-वाहतूक त्या भावातच धरलेली आहे. चुना, गंधक, बारदाना हेही थांबते. हा बदलता खर्च. गणितात उसाला टनामागे ३४६० रुपये धरले होते. २०२५-२६ ची एफआरपी सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ होती, दहा टक्क्यांना साधारण ३४६ पडते, तेव्हा आकडा हवेतला नाही. त्यावर चुना-गंधक-बारदान्याचे १४०. एकूण ३६००. कायम नोकरांचा पगार, मुदतकर्जाचे व्याज, घसारा, विमा आणि बंद हंगामातली मशिनरीची दुरुस्ती मात्र धुराडे थंड असले तरी चालूच. हा स्थिर खर्च, वर्षाला १५ कोटी.

हंगामी कामगारांपाशी आम्ही अडखळलो. त्यांचा पगार गाळपाबरोबर येतो-जातो, पण बंद काळातला रिटेन्शन भत्ता द्यावाच लागतो. एकच माणूस, आणि दोन्ही रकान्यांत! वंगण-दुरुस्तीचे बिलही तसेच. त्याला उपाय आहे. जास्त गाळपाचा एक महिना आणि कमी गाळपाचा एक महिना घ्यायचा. ७५ हजार टनांना बिल ४८ लाख आणि ६० हजार टनांना ४२ लाख आले, तर १५ हजार टनांमागे ६ लाख वाढले, म्हणजे टनाला ४० रुपये बदलता. ६० हजार टनांचे २४ लाख ४२ लाखांतून वजा केले की दरमहा १८ लाख स्थिर उरतात. फक्त ज्या महिन्यात टर्बाइन मोडले तो महिना निवडू नका, नाहीतर सगळे गणित वाकडे जाते. आमच्या पानावर हे तुकडे आधीच १४० रुपयांत आणि १५ कोटींत वाटून टाकले होते.

मग ४१०० मधून ३६०० गेले, टनामागे ५०० उरले. हे ५०० म्हणजे नफा नव्हे. ते आधी १५ कोटींचे भगदाड बुजवतात. १५ कोटींना ५०० ने भागले की तीन लाख टन. तीच ना-नफा ना-तोट्याची रेघ. रोज २५०० टनांनी १२० दिवस. त्यापुढचे ३० दिवस, म्हणजे ७५ हजार टन, ही सुरक्षिततेची मर्यादा. एकूण गाळपाच्या २० टक्के. तेवढे दिवस चालले तर पावणेचार कोटी शिल्लक.

तीस दिवस ऐकायला बरे वाटतात. पण जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी ज्यांच्या शिवारात येते त्यांना २०१५-१६ चा दुष्काळ आठवत असेल. ऊसच नसला की हंगाम १२० दिवसांच्या आत आटोपतो, आणि १५ कोटी जागेवरच.

खरी गोम पुढे आहे. पोरीला आम्ही म्हटले, उतारा पाव टक्क्याने कमी धरून बघ. टनामागे अडीच किलो साखर गेली, साडेब्याण्णव रुपये गेले. उसाचा भाव तोच, चुना तोच. ५०० चे ४०७ रुपये ५० पैसे झाले. आता रेघ कुठे? ३ लाख ६८ हजार टनांवर, म्हणजे १४७ दिवसांवर. ३० दिवसांची ऐट होती, उरले जेमतेम तीन! गाळप एक टनानेही घटले नाही, बरे का.

आणि हा पाव टक्का जातो कुठे? तोडलेला ऊस फडातच पडून राहिला, किंवा गाडीअड्ड्यावर गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली, की उसातली साखर फुटू लागते आणि दाणा धरत नाही. वजनकाट्यावर ते दिसत नाही. पाचट आणि वाढे वजनात धरले जाते, पण त्यात साखर कुठली? म्हणून नुसते गाळपाचे टनेज वाचून हंगाम चांगला गेला असे ठरवता येत नाही. रोजच्या गाळपाशेजारी उताऱ्याचा आकडा ठेवून रेघ दर पंधरवड्याला नव्याने काढावी लागते, कारण भावही हलतो, उताराही हलतो.

मुलीला उत्तर कळवले. तिने उलटा प्रश्न टाकला, "काका, आणि साखर गोदामातच पडून राहिली तर?" माल तारण कर्जाचे व्याज साठ्याबरोबर वाढते, दिवसांबरोबरही. ते कोणत्या रकान्यात घालायचे यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.